झोपतानाची गोळी

गिऱ्हाइकानं चिठ्ठी पुढे केली की मी आधी विचारते, जेवता कधी, झोपता कधी. औषधाच्या दुकानात हा प्रश्न लोकांना आगाऊ वाटतो. एका रिटायर गृहस्थांनी तर मला तोंडावर सुनावलं होतं, "बाई, औषध देताय की सोयरीक जुळवताय?" दुकानाचे मालकही वैतागायचे, कारण माझ्यापुढे माणसं तुंबायची. पण मी ऐकलं नाही. हट्टी मी लहानपणापासून आहेच, आणि या बाबतीत तर मला हट्टी राहण्यावाचून गत्यंतरच उरलं नव्हतं. ते का, हे मी कुणाला सांगितलं नाही. आज लिहिते आहे.

आमच्या घराण्यात औषधशास्त्राची पदविका घेतलेली मी पहिली. घरचे सगळे नाशकाजवळच्या मखमलाबादकडचे, फुलं नि भाजी पिकवणारे. माझी थोरली बहीण, तिला मी अक्का म्हणते, तिलाही तिथल्याच मळेवाल्या घरात दिलेली. तिचा नवरा म्हणजे आमचे दाजी. शेवंती, झेंडू, कडेला थोडी मेथी-कोथिंबीर. मी पास झाले तेव्हा आनंद माझ्यापेक्षा त्यांना जास्त झाला. नाशकात एका डॉक्टरांच्या दवाखान्याखालीच असलेल्या दुकानात मला नोकरी लागली, पांढरा कोट मिळाला, आणि दाजी फूलबाजारात सांगत सुटले, "आमची मेव्हणी डाक्टरच हाय निम्मी." दुकानात आले की गिऱ्हाइकांच्या देखत हाक मारायचे, "काय डाक्टरीणबाई!" मी वरवर चिडायची. खरं सांगते, मनातून मला ते फार आवडायचं.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. दाजींना पोटाचा त्रास कितीतरी महिन्यांपासून होता. झोपल्यावर तीन-चार तासांनी बेंबीच्या वर आग पडायची, जाग यायची, काहीतरी खाल्लं की थांबायची. अक्का उशाशी भाकरीचा तुकडा झाकून ठेवायची. मीच मागे लागून त्यांना वरच्या डॉक्टरांकडे आणलं. डॉक्टरांनी ते पांढरं, खडूसारखं औषध पाजून पोटाचा एक्स-रे फोटो काढायला लावला, नि जठराच्या पुढच्या आतड्याच्या सुरुवातीला जखम आहे असं सांगितलं. मग रॅनिटिडीन लिहून दिलं. ते तेव्हा नवं होतं. आमच्या दुकानात त्याची दीडशे मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ अशी जायची. दाजींना मात्र डॉक्टरांनी तीनशेची एकच दिली, दीड महिना, रोज रात्री झोपताना. झोपताना या शब्दाखाली त्यांनी रेघही मारली होती. मी पाहिली होती ती रेघ.

दाजींचा दिवस तुमच्याआमच्यासारखा नव्हता. शेवंती तोडायला ते पहाटे तीनला उठायचे. उठल्यावर चहा. फुलं तोडून, पाट्या सायकलला बांधून उजाडायच्या आत सराफ बाजारापाशी फूलबाजारात. माल संपवून घरी येईपर्यंत दहा वाजायचे, तेव्हा कुठे न्याहारी. दुपारचं जेवण मळ्यात, दोनच्या पुढे. संध्याकाळी सातला ताट, आणि हात धुवून होतात न होतात तोच घोरायला सुरुवात. अक्का म्हणायची, यांच्या घोरण्यावर घड्याळ लावावं.

पहिले बारा-पंधरा दिवस गोळी रात्री दिली गेली. दाजींचं दुखणं पळालं. उशाशी झाकलेली भाकरी सकाळी कोंबड्यांना जाऊ लागली. दाजी मला म्हणाले, "तुझ्या गोळीनं माझी झोप परत आनली बघ." गोळी डॉक्टरांची, झोप दाजींची, पण शाबासकी मी घेतली.

मग एक दिवस अक्का भाजी घेऊन शहरात आली तशी दुकानात डोकावली. तोंड उतरलेलं. म्हणाली, "अगं, ती गोळी लय वैताग देती. हे जेवता जेवताच पेंगत्यात. भांडी आवरून गोळी काढावी तर झोपलेले. हलवून उठवलं की वस्कन माझ्या अंगावर येत्यात. परवा तर गोळी तोंडातून भिंतीवर थुंकली. सकाळच्या चहासंगं दिली तर नाय का चालनार? तवा जागे तरी असत्यात."

दुकानात पाच-सहा माणसं होती. दोघं तर माझ्या नावानं शिमगा करायच्या बेतात होती. मी कुणाला तरी खोकल्याचं औषध बांधून देत होते. अक्काकडे न बघताच म्हणाले, "दे की सकाळी. एकच गोळी आहे, कधीही घेतली तरी पोटातच जाणार. उलट अनशापोटी घेतली तर जास्त लागू पडते."

हे मी म्हणाले. ठामपणे म्हणाले. एवढं ठाम तर डॉक्टरसुद्धा बोलत नव्हते.

माझ्या डोक्यात हिशेब असा होता: दीडशेची गोळी लोक सकाळीही घेतातच की. म्हणजे सकाळ काही वर्ज्य नाही. आणि पित्ताचं औषध म्हटलं की अनशापोटी, हे आमच्या घरी आजीच्या मोरावळ्यापासून चालत आलेलं. तो दुकानातला हिशेब नि आजीचा मोरावळा मी एकत्र कालवला आणि वर पांढरा कोट चढवला. वरच्या मजल्यावर जाऊन विचारायला मला तेरा पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या. डॉक्टर त्या वेळी वरच होते.

अक्काला हायसं वाटलं. जाताना मला चार जुड्या मेथी देऊन गेली.

त्यानंतर दाजी पहाटे तीनच्या चहाबरोबर गोळी घेऊ लागले. एक दिवस चुकवली नाही. मेव्हणीनं सांगितलं होतं ना.

दहाबारा दिवसांत आग परत आली. त्याच वेळी, झोपल्यावर तीन-चार तासांनी. उशाशी भाकरी आली, मग दूध आलं. दूध प्यायलं की घटकाभर थंड वाटायचं, पुन्हा पेटायचं. अक्कानं निरोप धाडला. तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. गोळी रात्री होती तेव्हा दुखत नव्हतं, सकाळची केली आणि दुखायला लागलं, हे शाळेतल्या पोरालाही जुळवता आलं असतं. मी काय केलं? गुलाबी पातळ औषधाची बाटली पाठवली आणि वर सांगावा धाडला की मिरची-तेल कमी करा, चहा कमी करा. म्हणजे दोष दाजींच्या जिभेवर ढकलला. बिचारे दाजी पंधरा दिवस अळणी पिठलं खात होते.

एके सकाळी फूलबाजारातला एकजण सायकल दामटत दुकानाशी आला. दुकान नुकतंच उघडलं होतं. म्हणाला, "तुमचे दाजी पाट्यांवर पडले, चक्कर येऊन. वर डाक्टरकडं आनतोय." मी शटरजवळ उभी होते, तिथंच उभी राहिले. चौघांनी त्यांना रिक्षातून उतरवलं. सदऱ्याला शेवंतीच्या पाकळ्या चिकटलेल्या, आणि चेहरा भाताच्या पेजेसारखा. दोन दिवस डांबरासारखी काळी शौचास होत होती, ते त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. वाटलं, गुलाबी औषधानं झालं असेल. माझ्याच औषधावर त्यांनी तेही खपवलं.

जखमेतून रक्त जात होतं. डॉक्टरांनी तिथल्या तिथे सलाईन लावलं, मग मोठ्या दवाखान्यात हलवलं, स्वतः सोबत गेले. रक्ताच्या दोन बाटल्या लागल्या. फूलबाजारातली माणसं रक्त द्यायला रांगेनं उभी होती, काहींच्या खांद्यावर अजून दोऱ्याची रिळं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही दाजी राहतील की नाही हे कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. अक्का व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मला कशाची भीती होती ते मी कबूल करते: दाजी जातील ही भीती होतीच, पण ते जाण्याआधी कुणीतरी गोळीची वेळ विचारेल ही भीती तिच्याहून लहान नव्हती.

तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं. दाजी उशीला टेकून बसले. संध्याकाळी डॉक्टर बघायला आले. मी उभी होते, अक्का पायाशी, शेजारच्या दोन खाटांवरचे पेशंट नि त्यांची माणसं कान देऊन. डॉक्टर तापट, पण मनानं चांगले. कागद बघत म्हणाले, "गोळी चालू होती ना? मग हे असं व्हायला नको होतं. रोज घेत होता?"

"एकबी चुकवली नाय," दाजी म्हणाले.

"कधी घेत होता?"

"पहाटं. उठल्यावर. च्यासंगं."

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. "पहाटे? मी झोपताना लिहिलं होतं. खाली रेघ मारली होती." मग ते खाटेच्या कडेला बसले आणि समजावून सांगू लागले. ते जे बोलले ते मला अजून शब्दाला शब्द आठवतं, कारण ते मला आधीच यायला हवं होतं.

"हे बघा, पोटातलं आम्ल म्हणजे चुलीवरचा जाळ समजा. दिवसा तुम्ही जेवता, म्हणजे चुलीवर भांडं असतं. जाळ भांड्याला लागतो, अन्न आम्ल सोसून घेतं. तुम्ही सातला जेवता नि आठला झोपता. दोन-तीन तासांत अन्न पुढे सरकतं, पोट रिकामं होतं, पण चूल चालूच असते. भांडं नाही, नुसता जाळ. तो जाळ थेट जखमेला लागतो. ही गोळी तो रात्रीचा जाळ बारीक करते. रात्री पोटात दुसरं काही नसतं, आम्ल वाढवणारं काही खाल्लेलं नसतं, म्हणून तेव्हाच ती नीट काम करते, आणि जखमेला भरून यायला ते सात तास मिळतात."

"मंग पहाटं घेतली तर?" अक्कानं हळूच विचारलं.

"पहाटे तीनला घेतली तर दुपारी तीनपर्यंत तिचा जोर. त्यात तुम्ही चहा घेता, न्याहारी करता, जेवता. अन्न पोटात पडलं की शरीर आम्ल बनवायला दुसऱ्या वाटांनीही सांगतं, त्या सगळ्या वाटा ही गोळी अडवू शकत नाही. आणि रात्री, जेव्हा तिची खरी गरज, तेव्हा तिचा जोर ओसरलेला. वर तुम्ही रात्री उठून दूध-भाकरी खाणार. घटकाभर बरं वाटतं, पण त्यानं आम्ल आणखी सुटतं. चौकीदार दिवसा ठेवला आणि रात्री दार उघडं टाकलं, असं झालं हे." मग त्यांचा आवाज चढला. "कुणी सांगितलं तुम्हाला सकाळी घ्यायला?"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकायचाही थांबला. दाजी माझ्याकडे बघत नव्हते. ते खिडकीकडे बघत होते. अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला आठवतं, मी तोंड उघडलं होतं. जीभ टाळ्याला चिकटली होती असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. चिकटली बिकटली काही नव्हती. मला दिसत होता माझा पांढरा कोट, ते दुकान, वरच्या मजल्यावरून येणाऱ्या चिठ्ठ्या, आणि मालक म्हणताहेत की उद्यापासून येऊ नका.

"मीच," दाजी म्हणाले. "माझ्याच मनानं. रातच्याला झोप येती, म्हटलं सकाळी घिऊ."

"तुमच्या मनानं!" डॉक्टर उठले. "अडाणीपणाची हद्द आहे. जिवावर बेतलं होतं, कळतंय का? आणि घरात एवढी शिकलेली मुलगी असताना," त्यांनी माझ्याकडे हात केला, "हिला तरी विचारायचं!"

दाजींनी मान खाली घातली. "चुकलं साहेब," म्हणाले.

मी ऐकत उभी राहिले. डॉक्टरांनी माझं कौतुक केलं आणि मी ते घेतलं, जसं आधी झोपेचं घेतलं होतं. नंतर एकदा डॉक्टरांनीच मला सांगितलं की अशी जखम गोळी वेळेवर घेऊनही कधीकधी रक्त टाकते, नक्की कुणाच्यानं सांगवत नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी वाचलं की अशा जखमांच्या मुळाशी बहुतेकदा एक जंतू असतो. या दोन्ही गोष्टींच्या आड लपायचा प्रयत्न मी भरपूर केला. जंतू असला तर असो. दाजींचे पंधरा दिवस बरे नि नंतरचे वाईट कशानं गेले हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि खाटेपाशी गप्प बसायला मला कुठल्या जंतूनं सांगितलं नव्हतं.

दाजी बरे झाले. दीड-दोन महिने गोळी रात्री, अक्का सातच्या ताटाबरोबरच ती वाटीत काढून ठेवायची आणि शेवटचा घास झाला की हातावर द्यायची. ताट उचलल्यावर पोटात काही नाही, दूधसुद्धा नाही. इतकी सोपी युक्ती होती ती. त्या दिवशी दुकानात दोन मिनिटं अक्काकडे तोंड करून बोलले असते तर दोघींना मिळून सुचली असती.

ते पुन्हा दुकानात येऊ लागले तेव्हा मला वाटलं, आता डाक्टरीणबाई म्हणणार नाहीत. पण ते पहिल्यासारखंच, पाच माणसांत, मोठ्यानं म्हणाले. मला ते कानफटात मारल्यासारखं लागलं. मी त्यांना म्हणाले, "दाजी, असं म्हणत जाऊ नका हो." ते म्हणाले, "का गं, पगार वाढला का?" आणि हसत निघून गेले. तेव्हापासून माझ्या त्या चौकश्या सुरू झाल्या. जेवता कधी, झोपता कधी, रात्रपाळी आहे का, उपास असतो का. नोटांच्या प्रेसमधला रात्रपाळीचा कामगार आला तर मी त्याचा सगळा दिवस उलटा मांडून, अडलं तर वर जाऊन विचारून, मग पुडीवर लिहायची. तेरा पायऱ्या मी नंतर इतक्या वेळा चढले की डॉक्टरांची कंपाउंडर मला बघून कपाळाला हात लावायची.

ते दशक सरलं. पुढच्या दशकाच्या सुरुवातीला दाजींचं पित्त पुन्हा उसळलं. रक्त वगैरे नाही, पण छातीत जळजळ, घशाशी आंबट. डॉक्टरांनी या वेळी नवी निघालेली कॅप्सूल लिहून दिली आणि चिठ्ठीवर लिहिलं: सकाळी, न्याहारीच्या अर्धा तास आधी. दाजी चिठ्ठी घेऊन खाली आले. दुपारची वेळ होती, दुकानात आम्ही दोघंच. त्यांचे केस पांढरे झाले होते आणि वाचायला त्यांना चष्मा लागत होता. चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली.

"अगं, हे तर सकाळी म्हनतंय."

मी समजावलं. म्हटलं, ही वेगळ्या जातीची. पोटात आम्ल ओतणारे बारीक बारीक पंप असतात, ते जेवण आलं की कामाला लागतात. ही कॅप्सूल चालू झालेल्या पंपांनाच बंद पाडते, निजलेल्यांना नाही. आणि रक्तात ती फार वेळ टिकत नाही. म्हणून जेवण यायच्या जरा आधी ती रक्तात हजर पाहिजे. रात्री उपाशीपोटी घेऊन झोपलात तर बरेच पंप निजलेले, निम्मी वाया. पण एकदा जो पंप बंद पडला तो बंदच राहतो, म्हणून सकाळी घेतली तरी रात्रीलाही तिचा उपयोग होतो.

दाजींनी सगळं मन लावून ऐकलं. मग गालात हसले. "म्हंजे तू तवा बरोबरच होती की. गोळीच जरा मागं राहिली होती."

सहासात वर्षांत त्या गोष्टीचा उल्लेख त्यांनी पहिल्यांदा केला. तो असा, थट्टेत, माझी बाजू घेऊन. मला रडू आवरलं नाही. काउंटरवर कोपरं टेकून मी रडले आणि म्हणाले, "दाजी, चूक झाली ती झाली. पण दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी बोलले नाही. तुम्ही शिव्या खाल्ल्यात आणि मी उभी राहिले."

"रडती कशाला येडी," ते म्हणाले. चष्मा काढून खिशात ठेवला, चिठ्ठीची घडी घातली. "अगं, मी थांबलो होतो जरा. खिडकीकडं बघत. म्हटलं, मी बघत असलो तर तुला जड जाईल. बोलती का काय, वाट बघितली. नाय बोलली, मंग म्हटलं जाऊ दे, पोरीची नवी नोकरी हाय."

त्यांनी ते मुळीच टोचून म्हटलं नाही. ते माझी वाट बघत होते. मला वाटलं होतं, त्यांनी मला वाचवलं. त्यांनी आधी मला संधी दिली होती.

"बरं, मंग ही कधी घिऊ?" त्यांनी विचारलं. "तीनच्या च्याला?"

"नाही," मी म्हणाले. डोळे पुसले, पुडी घेतली आणि पेन उघडलं. त्यांची न्याहारी अजूनही दहाला होती. पुडीवर मी मोठ्या अक्षरात लिहिलं: साडेनऊला, फूलबाजारातून निघताना, सायकलला टांग मारायच्या आधी. मग त्यांना तिथंच थांबायला सांगितलं आणि पुडी घेऊन तेरा पायऱ्या चढून वर गेले, डॉक्टरांना विचारायला.